नव्या शिक्षकांचा व्यावसायिक विकास आराखडा: पहिल्या तीन वर्षांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्याने रुजू झालेले शिक्षक आराखडा लिहायला बसले की जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न शेवटी एकाच जागी येऊन थांबतात: उद्दिष्ट लिहिता येतं, पण ते साधलं हे दाखवायचं कशानं? म्हणून पुराव्याच्या भागाला जास्त जागा दिली आहे. प्रश्न 5 मधलं उदाहरण पुढच्या बऱ्याच उत्तरांत येतं. घाई असेल तर तेवढं आधी वाचा.

1. विकास आराखडा म्हणजे नेमकं काय? वार्षिक नियोजन आणि पाठ टाचण तर मी लिहितोच.

वार्षिक नियोजनात कोणता घटक कधी शिकवायचा ते असतं आणि टाचणात आजच्या तासाला काय करायचं ते. दोन्हींचा विषय अभ्यासक्रम असतो. विकास आराखड्याचा विषय तुमचं शिकवणं असतो. आत्ता तुमच्या वर्गात काय घडतं, त्यातलं काय बदलायचं आहे, त्यासाठी तुम्ही काय करणार, कधीपर्यंत करणार आणि बदल झाला हे कशावरून कळणार, या पाच गोष्टी त्यात असतात. एका उद्दिष्टासाठी एक पान पुरतं. आराखडा दहा-बारा पानांचा झाला, तर तो पुन्हा उघडला जात नाही.

या पाचांपैकी पहिली गोष्ट, म्हणजे आत्ता काय घडतं याची नोंद, सर्वांत जास्त वेळा राहून जाते. ती राहिली तर पाचवी लिहिताच येत नाही, कारण कुठून निघालो हेच कागदावर नसतं.

2. रुजू झाल्या झाल्या लिहायचा, की थोडं स्थिरावल्यावर?

पहिल्या आठवड्यात पक्का आराखडा लिहू नका. तेव्हा तुम्हाला वर्ग माहीत नसतो, त्यामुळे लिहिलेली उद्दिष्टं प्रशिक्षणाच्या काळातल्या धास्तीतून येतात. पहिले चार-पाच आठवडे फक्त नोंदी ठेवा. रोज शाळा सुटल्यावर दोन ओळी पुरतात: आज तास कुठे अडला आणि तेव्हा मुलं काय करत होती. महिनाभरानं या ओळी सलग वाचा. तीच ती अडचण तीन-चार वेळा आलेली दिसेल. पहिलं उद्दिष्ट तिथून घ्या.

शाळेला पहिल्याच आठवड्यात कागद हवा असेल, तर तात्पुरतं उद्दिष्ट लिहा आणि त्याखाली ‘सहाव्या आठवड्यात फेरविचार’ असं तारखेसह नमूद करा. तारीख लिहिलेली असली की फेरविचार नंतर सुचलेली सबब वाटत नाही.

3. एका वेळी किती उद्दिष्टं घ्यावीत?

पहिल्या वर्षी एका सत्रात एक. दुसऱ्या वर्षापासून, झेपत असेल तर, दोन. प्रत्येक उद्दिष्टामागे नोंद, मधली पाहणी आणि शेवटची पाहणी असं काम असतं. पाच उद्दिष्टं घेतली तर नोंद एकाचीही होत नाही आणि सत्राअखेरीस आठवणीवरून रकाने भरावे लागतात. छापील तक्त्यात पाच रकाने असले, तरी पाच भरायलाच हवेत असं बहुतेक ठिकाणी नसतं. आधी विचारून घ्या.

4. ‘वर्गव्यवस्थापन सुधारणे’, ‘मुलांचा सहभाग वाढवणे’ असं लिहिलं तर ‘मोघम आहे’ म्हणून परत येतं. मग कसं लिहायचं?

अशा वाक्यांत तुम्ही काय करणार ते नसतं आणि मुलांच्या बाजूनं काय वेगळं दिसणार तेही नसतं. या दोन्ही गोष्टी एका वाक्यात आल्या पाहिजेत. मी नव्या शिक्षकांना वापरायला सांगते तो साचा असा: ‘मी अमुक करेन, म्हणजे अमुक मुलं अमुक करू लागतील, आणि ते मी अमुक तारखेला अमुक प्रकारे पाहीन.’

‘मुलांचा सहभाग वाढवणे’ हे या साच्यात घालताना लगेच प्रश्न उभे राहतात. कोणती मुलं? सहभाग म्हणजे हात वर करणं, उत्तर देणं, की शेजाऱ्याशी बोलून वहीत लिहिणं? हे प्रश्न पडणं हेच साच्याचं काम आहे. त्यांची उत्तरं तुमच्याकडे नसतील तर उद्दिष्ट अजून तयार झालेलं नाही. अशा वेळी आधी वर्गात पाहून या.

वाक्यातलं ‘म्हणजे’ गाळू नका. तुमची कृती आणि मुलांमधला बदल यांच्यात तुम्ही कोणता संबंध धरला आहे, ते त्या शब्दातून दिसतं. पुढे बदल झाला नाही, तर हाच संबंध तपासायचा असतो (प्रश्न 9).

5. एक उद्दिष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं चालतं ते उदाहरणासह सांगाल का?

समजा, एक शिक्षिका सातवीला गणित शिकवतात आणि वर्गात 40 मुलं आहेत. त्यांच्या रोजच्या दोन ओळींत एक गोष्ट वारंवार येते: प्रश्न विचारला की तीच ती मुलं उत्तर देतात, वर्ग पुढे जातो आणि वही तपासताना कळतं की बाकीच्यांना समजलेलंच नाही.

पहिलं काम मोजणीचं. बाई बसण्याचा आराखडा कागदावर काढतात आणि चार तास, कोणी उत्तर दिलं की त्या चौकटीत एक रेघ मारतात. तास चालू असताना हे जमत नसेल, तर पहिल्या बाकावरच्या मुलाला रेघा मारायला सांगता येतं. चार तासांत 68 उत्तरं आली. त्यातली 49 फक्त सात मुलांची होती. 19 मुलं एकदाही बोलली नव्हती. बाईंनी एका तासातलं पंधरा मिनिटांचं स्वतःचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ऐकलं. प्रश्न विचारल्यापासून कोणाचं तरी नाव घेईपर्यंत, किंवा स्वतःच उत्तर सांगून टाकेपर्यंत, जेमतेम एक सेकंद जात होता.

हा एक सेकंद काही त्यांच्या एकटीचा नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं 1970च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असं तिला दिसलं. थांबणं तीन सेकंदांवर गेलं की उत्तरं लांब होतात, कारणं देणारी होतात आणि गप्प मुलंही बोलू लागतात, असं तिनं नोंदवलं.

उद्दिष्ट असं लिहिलं गेलं: ‘मी आधी प्रश्न विचारेन, किमान तीन सेकंद थांबेन आणि मगच चिठ्ठी काढून नाव घेईन, म्हणजे सर्वांना विचार करावा लागेल. सत्राअखेरीस चार तासांच्या मोजणीत 40 पैकी किमान 30 मुलांनी एकदा तरी उत्तर दिलेलं असेल.’ कृती दोनच ठरवल्या: नावांच्या चिठ्ठ्या, आणि उत्तर न आल्यास दुसऱ्या दोघांना विचारून पुन्हा त्याच मुलाकडे येणं. दुसरी कृती महत्त्वाची आहे. तिच्याशिवाय ‘येत नाही’ म्हणणं ही सुटकेची वाट होते.

सहा आठवड्यांनी मधली मोजणी झाली. सुरुवातीला 21 मुलं बोलत होती, आता 26. पण ध्वनिमुद्रण ऐकताना दुसरीच गोष्ट लक्षात आली: उत्तरं एका शब्दाची होती. ‘याचा छेद किती?’ या प्रश्नाला तीन सेकंद दिले तरी उत्तर एक आकडाच येणार. म्हणजे थांबणं सुधारलं होतं, प्रश्न मात्र तसेच होते. तेव्हा बाईंनी कृतीत बदल केला: प्रत्येक टाचणात ‘असं का?’ किंवा ‘हे चूक कशावरून?’ या धाटणीचे दोन प्रश्न आधी लिहून ठेवायचे. चिठ्ठ्या याच दोन प्रश्नांसाठी काढायच्या.

सत्राअखेरीस 40 पैकी 31 मुलं बोलली होती. ऐकलेल्या 12 प्रश्नांपैकी आठ प्रश्नांना तीन सेकंद किंवा जास्त थांबणं झालं होतं. उरलेल्या नऊ मुलांपैकी एक सतत गैरहजर होता आणि चौघं मागच्या दोन बाकांवरची होती. आराखड्याच्या शेवटी बाईंनी तीन ओळी लिहिल्या: काय बदललं, कोण अजून बाहेर आहे, पुढच्या सत्रात काय पाहायचं. या तीन ओळींतूनच दुसऱ्या वर्षाचं उद्दिष्ट निघालं (प्रश्न 7).

6. पुरावा म्हणून नेमकं काय जोडायचं? माझ्याकडे प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं भरपूर आहेत.

तुम्ही प्रशिक्षणाला हजर होता, एवढंच प्रमाणपत्रावरून कळतं. त्यानंतर वर्गात काय झालं ते त्यात नसतं. प्रमाणपत्र जोडायचंच असेल तर त्याच्या मागे एक परिच्छेद लावा: तिथलं काय वापरलं, कोणत्या तासाला, आणि मुलांनी काय केलं. असा परिच्छेद लिहिता येत नसेल तर ते प्रमाणपत्र या उद्दिष्टाचा पुरावा नाही.

उपयोगी पुराव्याचे मला तीनच प्रकार महत्त्वाचे वाटतात. पहिला मोजणीचा, प्रश्न 5 मधल्या रेघांसारखा. दुसरा मुलांच्या कामाच्या नमुन्यांचा. इथे सर्वांत सुबक वह्या निवडायचा मोह होतो. तो टाळण्यासाठी सत्राच्या सुरुवातीलाच तीन मुलं ठरवून टाका: एक पुढे असलेलं, एक मधलं, एक मागे पडलेलं. मग त्यांच्याच वह्यांची पानं ठरलेल्या तारखांना घ्या. निवड आधी झालेली असली की नंतर सोयीचं तेवढं उचलता येत नाही. तिसरा प्रकार तास पाहणाऱ्या सहकाऱ्याची नोंद (प्रश्न 11).

दोन वेगळ्या प्रकारचे पुरावे एकच गोष्ट सांगत असतील तर उद्दिष्टामागे ते पुरेसे आहेत. फाईल जाड करू नका. वाचणाऱ्याला तीस पानांत तुमचं म्हणणं शोधावं लागलं, तर त्यातला चांगला पुरावाही दिसत नाही. प्रत्येक कागदावर तारीख, इयत्ता आणि ‘यातून काय दिसतं’ ही एक ओळ असली पाहिजे. ती ओळ ज्या कागदावर लिहिता येत नाही, तो काढून टाका.

7. तीन वर्षांची उद्दिष्टं एकदम ठरवायची का? कोणत्या वर्षी काय असावं?

तीन वर्षांची दिशा एका ओळीत लिहा, पक्की उद्दिष्टं मात्र चालू वर्षाचीच. पुढच्या वर्षाचं उद्दिष्ट या वर्षीच्या पुराव्यातून आलं पाहिजे, म्हणून ते आज कळणं शक्य नाही.

क्रम साधारण असा पडतो. पहिल्या वर्षी लक्ष तास चालवण्यावर असतं: सूचना, प्रश्न विचारणं, वेळ. दुसऱ्या वर्षी तास हातात आलेला असतो, तेव्हा नजर मुलांच्या विचारांकडे वळवता येते. तिसऱ्या वर्षी तुमचं काम दुसऱ्याच्या वर्गात उपयोगी पडतं का, ते पाहता येतं.

आपल्या गणिताच्या बाईंचं दुसरं वर्ष पाहा. मुलं बोलू लागली तशा त्यांच्या चुकाही ऐकू येऊ लागल्या. दशांश अपूर्णांकांत काही मुलं 0.35 ही संख्या 0.4 पेक्षा मोठी मानत होती, कारण 35 हे 4 पेक्षा मोठे. म्हणून उद्दिष्ट ठरलं: घटक सुरू करण्याआधी चार प्रश्नांची छोटी चाचणी घेऊन मुलं नेमका कोणता नियम वापरतात ते ओळखायचं आणि त्यानुसार पहिले दोन तास आखायचे.

चाचणी बनवताना एक बारकावा कळला. ‘0.35 आणि 0.4 यांत मोठी कोणती?’ एवढाच प्रश्न विचारला तर चुकीचा नियम वापरणारी काही मुलं बरोबर उत्तर देऊन निसटतात. काहींना वाटतं की दशांश चिन्हानंतर जितके कमी अंक तितकी संख्या मोठी. ती 0.4 हेच उत्तर देतात. त्यांना पकडायला 0.73 आणि 0.6 अशी जोडी लागते. इथे पहिल्या गटाचं उत्तर बरोबर येतं आणि दुसऱ्याचं चुकतं. दोन्ही जोड्या विचारल्या तरच कोण कशामुळे चुकतं ते दिसतं. पुराव्याचा दर्जा असा प्रश्नाच्या रचनेवर ठरतो, कागदांच्या संख्येवर नाही.

तिसऱ्या वर्षी हीच चाचणी शेजारच्या तुकडीच्या शिक्षकांनी वापरली. पुरावा म्हणून बाईंनी त्यांनी खोडून दुरुस्त केलेली प्रत जोडली. दुसऱ्यानं वापरताना काय बदलावं लागलं, हे ‘सहकाऱ्यांना मार्गदर्शन केले’ या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतं.

8. वेळापत्रक कसं आखायचं? माझ्या सगळ्या तारखा चुकतात.

तारखा चुकतात कारण त्या कोऱ्या दिनदर्शिकेवर टाकलेल्या असतात. आधी शाळेचं वर्ष समोर घ्या आणि परीक्षा, पेपर तपासणी, सुट्ट्या, संमेलन असे आठवडे खोडून टाका. उरलेल्या आठवड्यांतच काम होणार आहे. एका सत्रात असे साधारण दहा-बारा आठवडे हाती लागले, तर पहिले दोन मोजणीला, नंतरचे चार-पाच कृतीला, मग एक मधल्या पाहणीला, पुढचे दोन-तीन बदललेल्या कृतीला आणि शेवटचा अखेरच्या मोजणीला.

अखेरची मोजणी परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात ठेवू नका. तेव्हा वर्गात उजळणी चाललेली असते, नेहमीचं शिकवणं नसतं. सुरुवातीची आणि शेवटची मोजणी सारख्याच प्रकारच्या तासांना झाली पाहिजे. एकदा नवा घटक शिकवताना आणि एकदा उजळणीत मोजलं, तर त्या दोन आकड्यांची तुलना होत नाही.

आणखी एक: मधल्या पाहणीची तारीख दुसऱ्या कोणाला तरी सांगून ठेवा. मधली पाहणी टळली की उद्दिष्ट सत्राच्या शेवटीच आठवतं, आणि तेव्हा बदलायला काही उरलेलं नसतं.

9. उद्दिष्ट पूर्ण झालंच नाही तर काय लिहायचं?

जे मोजलं ते लिहायचं. आकडा गाठला गेला नाही, तर प्रश्न 4 मधल्या ‘म्हणजे’कडे परत जा आणि दोन शक्यता वेगळ्या करा. एक, ठरवलेली कृती झालीच नाही. चिठ्ठ्या पहिल्या आठवड्यानंतर कपाटातच राहिल्या. दोन, कृती नेमानं झाली, पण मुलांमध्ये अपेक्षित बदल आला नाही. पहिल्या बाबतीत कृती लहान करा किंवा ती रोजच्या कुठल्या तरी सवयीला जोडा. दुसऱ्या बाबतीत तुम्ही धरलेला संबंध चुकला, म्हणून कृती बदला. या दोन शक्यता वेगळ्या करता याव्यात यासाठी कृती केल्या दिवसांची साधी खूण टाचणाच्या समासात करत राहा.

आकडा गाठण्यासाठी शेवटच्या आठवड्यात गप्प मुलांना एकेक सोपा प्रश्न विचारून रेघा पूर्ण करणं सहज शक्य असतं. तसं केलं की पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट ज्या नोंदीवर उभं राहणार, तीच खोटी होते.

10. परीक्षेतले गुण वाढले, हा पुरावा धरला जाईल का?

एकटा धरू नये. दोन परीक्षांचे पेपर सारख्या काठिण्याचे नसतात, घटक वेगळे असतात आणि मुलं इतर ठिकाणीही शिकत असतात. शिवाय अजून एक सापळा आहे. पहिल्या चाचणीत सर्वांत मागे पडलेली दहा मुलं निवडून त्यांच्यासाठी काही केलं आणि पुढच्या चाचणीत ती वर आली, तर ती सगळी वाढ तुमच्या उपायाची नसते. त्यांच्यातल्या काहींचा पहिला दिवसच वाईट गेलेला असतो. काही केलं नसतं तरी ती थोडी वर आली असती.

त्याऐवजी एका नेमक्या चुकीवर लक्ष ठेवा. दशांशाच्या उदाहरणात, घटकाआधी किती मुलं ‘लांब म्हणजे मोठी’ हा नियम वापरत होती, घटक संपल्यावर किती, आणि सहा आठवड्यांनी अचानक विचारल्यावर किती. तिसरी पाहणी बहुतेक जण सोडून देतात, पण शिकलेलं टिकलं का ते तिथेच कळतं. दर वेळी संख्या बदला आणि जोड्यांचा प्रकार तोच ठेवा. नाही तर मुलांना उत्तरं पाठ झालेली असतात.

11. माझा तास पाहायला कोणी मोकळं नसतं. निरीक्षणाशिवाय पुरावा ग्राह्य धरतील का?

पूर्ण तास पाहायला कोणाला वेळ मिळणं अवघड आहे. दहा मिनिटं मागा आणि येणाऱ्याला एकच काम द्या: ‘मी प्रश्न विचारल्यावर किती थांबते तेवढंच लिहा.’ ‘तास कसा वाटला?’ असं विचारलं की ‘छान झाला’ एवढंच परत येतं, त्यातून हाती काही लागत नाही. नेमकं काम दिलं तर वेगळा विषय शिकवणारे सहकारीही नोंद करू शकतात.

तेही जमलं नाही तर स्वतःचं ध्वनिमुद्रण ऐका. पंधरा मिनिटं पुरतात. ऐकताना तोच एक प्रश्न समोर ठेवा. काही शाळांत वरिष्ठांनी पाहिलेला तास सक्तीचा असतो. तिथे तो होईलच, पण तुमची स्वतःची नोंद त्यांच्या नोंदीशेजारी ठेवा. दोन्हींत फरक असेल तर त्याबद्दल बोलायला काहीतरी ठोस हातात असतं.

12. मुलांचे फोटो, वह्या, चित्रफिती पुराव्यात लावता येतात का?

वहीचं पान लावायचं तर नाव, हजेरी क्रमांक आणि ओळख पटेल असं सगळं झाकून मग प्रत काढा. आवाजाच्या नोंदीत मुलांचे आवाज येतात, म्हणून ती फक्त स्वतः ऐकण्यासाठी ठेवा आणि मोजणी झाली की पुसून टाका. आराखड्यात आकडे येतात, ध्वनिफीत येत नाही. अशी नोंद करण्यापूर्वीही मुख्याध्यापकांना सांगून ठेवावं. चेहरे दिसणाऱ्या फोटोंसाठी आणि चित्रफितींसाठी शाळेची आणि पालकांची लेखी परवानगी लागते, आणि खरं सांगायचं तर आराखड्याला त्यांची क्वचितच गरज पडते. हसऱ्या मुलांच्या फोटोवरून त्यांना काय समजलं ते दिसत नाही.

13. मुख्याध्यापकांनी दिलेलं उद्दिष्ट माझ्या वर्गाच्या गरजेशी जुळत नाही. काय करू?

बऱ्याचदा वरून आलेलं उद्दिष्ट रुंद असतं आणि तुमचं नेमकं उद्दिष्ट त्यात बसवता येतं. ‘वाचन सुधारणे’ असं शाळेचं उद्दिष्ट असेल आणि तुम्ही गणित शिकवत असाल, तर शाब्दिक उदाहरणं वाचून मुलं दिलेली माहिती आणि विचारलेली गोष्ट वेगळी करतात का, हे तुमचं उद्दिष्ट होऊ शकतं. जिथे खरोखरच काही जुळत नाही, तिथे तुमची मोजणी घेऊन जा. ‘मला दुसरं उद्दिष्ट हवं आहे’ यापेक्षा ‘चार तासांत 19 मुलं एकदाही बोलली नाहीत, आधी यावर काम करू का?’ हे सांगणं सोपं जातं आणि ऐकणाऱ्यालाही हो म्हणायला कारण मिळतं.

14. स्वतःची कमकुवत बाजू लिहिली आणि तीच वार्षिक मूल्यमापनात माझ्या विरोधात वापरली गेली तर?

ही भीती पुष्कळ जण व्यक्त करतात आणि ती निराधार नाही. काही शाळांत आराखडा आणि मूल्यमापन एकाच फाईलमध्ये जातात. म्हणून लिहिण्याआधी विचारा: हा कागद कोण वाचणार आणि कशासाठी? उत्तर मिळाल्यावर दोन कागद ठेवा. रोजच्या दोन ओळी, ध्वनिमुद्रणावरची टिपणं, चिडचिड, शंका हे सगळं तुमच्या स्वतःच्या वहीत. जमा करायच्या आराखड्यात स्वतःबद्दलची विशेषणं नकोत, पाहिलेली गोष्ट हवी. ‘मला प्रश्न विचारता येत नाहीत’ असं न लिहिता ‘68 पैकी 49 उत्तरं सात मुलांकडून आली’ असं लिहा. दुसऱ्या वाक्यात लपवलेलं काही नाही, आणि त्यातून पुढचं कामही दिसतं.

15. वर्षाच्या मध्येच इयत्ता बदलली, विषय बदलला किंवा शाळाच बदलली. जुना आराखडा फेकून द्यायचा का?

उद्दिष्टाचे दोन भाग करा. तुमच्या कृतीचा भाग, म्हणजे थांबणं, चिठ्ठ्या, ‘असं का?’चे प्रश्न, तुमच्याबरोबर नव्या वर्गात येतो. मुलांच्या बदलाचा भाग येत नाही, कारण मुलं वेगळी आहेत. म्हणून जुन्या वर्गाची नोंद जिथे थांबली तिथे तारीख टाकून बंद करा आणि नव्या वर्गात सुरुवातीची मोजणी पुन्हा घ्या. जुन्या वर्गातले 21 आणि नव्या वर्गातले 31 असे आकडे शेजारी मांडले, तर त्यातून काहीच कळत नाही.

इयत्ता खूप बदलली असेल, समजा सातवीवरून पहिलीवर, तर कृतीही जशीच्या तशी चालणार नाही. सहा वर्षांच्या मुलाचं नाव चिठ्ठीतून अचानक निघालं की ते बावरतं. तिथे आधी शेजाऱ्याला सांगायचं आणि मग दोघांनी मिळून वर्गाला सांगायचं, असा बदल करावा लागतो. असा बदल कारणासह लिहून ठेवला, तर शाळा बदलल्यानं आराखडा तुटला असं वाचणाऱ्याला वाटत नाही.

रजेमुळे मोठा खंड पडला तरी हीच पद्धत: नोंद बंद करा, परत आल्यावर दोन आठवडे मोजा, मग तारखा नव्यानं घाला. खंडाच्या काळातले रकाने रिकामे दिसले तरी चालतात.